रशियनमध्ये गेल्यावर इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ जातात कुठे?

इंग्रजी मजकूर यंत्राकडून रशियनमध्ये करून घ्यायचा आणि मग माणसाकडून तपासून घ्यायचा, ही आता भाषांतराच्या धंद्यातली नेहमीची पद्धत झाली आहे. या तपासणीला धंद्यात ‘पोस्ट-एडिटिंग’ म्हणतात. ती कशी करावी याबद्दल 2017 साली आयएसओने 18587 क्रमांकाचं स्वतंत्र मानकही काढलं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. यंत्राची रशियन हल्ली इतकी सफाईदार असते की तपासायला उरलंय काय, असा प्रश्न पडतो.

उरतं ते असं. इंग्रजी काही गोष्टी सांगते, त्या रशियनच्या व्याकरणात नाहीत. रशियन काही गोष्टी विचारते, त्यांची उत्तरं इंग्रजीत नाहीत. पहिल्या प्रकारात ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं येतात, दुसऱ्यात लिंग. पहिल्या ठिकाणी यंत्राच्या हातून माहिती सांडते आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्र अंदाज करतं. दोन्हीकडे हाती येणारं वाक्य व्याकरणाने निर्दोष असू शकतं, म्हणून नुसती रशियन वाचून चूक सापडत नाही.

मराठी माणसाला हा विषय इतरांपेक्षा लवकर कळतो, कारण या दोन्ही बाबतींत मराठी रशियनच्या बाजूला बसते. आपल्याकडेही तीन लिंगं आहेत, भूतकाळाचं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, ‘अ’ आणि ‘द’ नाहीत आणि शब्द बऱ्यापैकी इकडेतिकडे हलवता येतात.

आधी पाच वाक्यं

तपासणी कशी चालते ते दाखवायला मी एक छोटा उतारा रचला आहे. इंग्रजी आणि रशियन दोन्ही देवनागरीत लिहितो. रशियनसाठी उच्चारापेक्षा तिथल्या स्पेलिंगच्या जवळ राहिलो आहे, म्हणजे शब्दांचे शेवट नीट दिसतील.

इंग्रजी: “अ वुमन एंटर्ड द रूम. द डॉक्टर लुक्ट अप. द वुमन पुट अ नोटबुक ऑन द टेबल. इट वॉज ओल्ड. ‘आय वॉज शुअर यू वुड कम,’ द डॉक्टर सेड, अँड टुक ऑफ हर ग्लासेस.”

यंत्राकडून आलेली रशियन अशी आहे असं धरू: “झेन्शिना वोश्ला व कोम्नातु. व्राच पोद्न्याल ग्लाझा. झेन्शिना पोलोझिला तेत्राद ना स्तोल. ओना बिला स्तारोय. ‘या बील उवेरेन, श्तो ती प्रिद्योश,’ स्काझाल व्राच इ स्न्याल येयो ओच्की.”

झेन्शिना म्हणजे बाई, कोम्नाता म्हणजे खोली, व्राच म्हणजे डॉक्टर, तेत्राद म्हणजे वही, ओच्की म्हणजे चष्मा. यातलं प्रत्येक वाक्य एकेकटं घेतलं तर रशियन माणसाला खटकणार नाही. पण हा उतारा ज्या रशियन वाचकाच्या हाती पडेल, त्याला दिसणारा प्रसंग इंग्रजीतल्या प्रसंगापेक्षा वेगळा असेल.

पहिलं वाक्य: बाई आधी की खोली आधी?

इंग्रजीत ‘अ वुमन’ आहे, म्हणजे ही बाई वाचकाला पहिल्यांदाच भेटते आहे. ‘द रूम’ मात्र ओळखीची आहे. आपण मराठीत हे कसं सांगू? ‘खोलीत एक बाई आली.’ उलट ‘बाई खोलीत आली’ म्हटलं की ऐकणारा विचारणार, कोणती बाई? म्हणजे मराठीत ओळखीची गोष्ट पुढे आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या जवळ येते, आणि गरज पडली तर ‘एक’ लागतो.

रशियनची तऱ्हा याच जातीची आहे. फक्त तिथे नवी गोष्ट वाक्याच्या अगदी शेवटी जाते आणि ‘एक’ सहसा लागत नाही. “व कोम्नातु वोश्ला झेन्शिना”, शब्दशः ‘खोलीत आली बाई’, म्हणजे ‘अ वुमन’. “झेन्शिना वोश्ला व कोम्नातु” म्हटलं की बाई आधीपासून माहीत आहे असं वाटतं, म्हणजे ती ‘द वुमन’ झाली. यंत्राने इंग्रजीचा क्रम तसाच उचलला आणि ‘अ’ सांडला.

वाक्याच्या या दोन भागांना भाषाशास्त्रात थीम आणि रीम म्हणतात: ज्याबद्दल बोलायचं ती माहीत असलेली गोष्ट, आणि तिच्याबद्दल सांगायची नवी गोष्ट. विसाव्या शतकात प्राग शहरात विलेम माथेसिउस या भाषाशास्त्रज्ञाने चेक भाषेच्या निमित्ताने याचा पद्धतशीर अभ्यास केला. चेकही रशियनसारखीच स्लाव्ह घराण्यातली, उपपदं नसलेली भाषा आहे. हे दोन शब्द इथेच सोडतो. पुढे नुसतं ‘माहीत’ आणि ‘नवं’ म्हटलं तरी भागेल.

तिसऱ्या वाक्यात तोच घोटाळा पुन्हा दिसतो. ‘अ नोटबुक’ नवी आहे, टेबल खोलीतलंच आहे. यंत्राने “तेत्राद ना स्तोल” लिहिलं, त्यामुळे भर ‘टेबलावर’ या शब्दावर गेला. वही कुठे ठेवली हे सांगण्यासाठी वाक्य आहे, असं वाटू लागलं. “झेन्शिना पोलोझिला ना स्तोल तेत्राद” केलं की वही शेवटी आली आणि नवी झाली. या वाक्यात ‘झेन्शिना’ सुरुवातीला आहे ते बरोबर आहे, कारण आता तिची ओळख झाली आहे.

रशियनमध्ये शब्दक्रम मोकळा असतो ना, मग चूक कसली?

हा आक्षेप नेहमी येतो आणि अर्धा खरा आहे. नाम कर्ता आहे की कर्म हे रशियनमध्ये सहसा शेवटच्या प्रत्ययावरून कळतं, त्यामुळे शब्द हलवल्याने कोणी काय केलं हे बदलत नाही. मात्र काय माहीत आणि काय नवं हे बदलतं. बोलताना आवाजाचा जोर देऊन वाटेल तो शब्द नवा करता येतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून लिखित मजकुरात हे काम मुख्यतः क्रमावर पडतं.

पण यातून ‘द’ असेल तर शब्द पुढे आणि ‘अ’ असेल तर शेवटी, असा सरसकट नियम काढू नये. ‘द सन रोझ’ घ्या. सूर्य एकच आणि सगळ्यांच्या ओळखीचा. तरी एखाद्या वर्णनाच्या सुरुवातीला रशियन लेखक “व्झोश्लो सोल्न्त्से” लिहील, म्हणजे क्रियापद आधी आणि सूर्य नंतर. कारण तिथे सूर्याबद्दल काही सांगायचं नसतं, सूर्योदय झाला ही अख्खी घटनाच नवी असते. तसंच ‘अ कॅट इज अन ॲनिमल’ यात ‘अ’ असूनही मांजर पुढेच राहणार, कारण बोलणं सगळ्या मांजरांबद्दल आहे.

म्हणून तपासणारा उपपदं मोजत बसत नाही. ‘अ’ दिसला की तो थांबतो आणि विचारतो, ही गोष्ट वाचकापुढे इथेच पहिल्यांदा येते आहे का? उत्तर ‘हो’ असेल आणि रशियनमध्ये तो शब्द वाक्याच्या तोंडाशी बसला असेल, तर तिथे खूण करायची.

उपपदाची जागा भरून काढायला दुसरे मार्गही आहेत आणि त्यांत अति करणाराही पुष्कळदा सापडतो. प्रत्येक ‘अ’साठी “ओदिन” (एक) आणि प्रत्येक ‘द’साठी “एतोत” (हा) घातलेली रशियन वाचताना, बोट दाखवून दाखवून गोष्ट सांगणाऱ्या माणसासमोर बसल्यासारखं वाटतं. हे शब्द चुकीचे नाहीत, पण क्रम बदलून काम होत असेल तर ते काढलेले बरे. काही क्रियापदांबरोबर विभक्तीच हा फरक सांगते. ‘वाट पाहणे’ या क्रियापदापुढे “पिस्मा” (षष्ठी) लिहिलं तर कुठल्या तरी पत्राची वाट, आणि “पिस्मो” (द्वितीया) लिहिलं तर त्या ठरावीक पत्राची वाट. असा एका अक्षराचा फरक घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो.

डॉक्टर पुरुष कधी झाला?

आता दुसरं वाक्य. ‘द डॉक्टर लुक्ट अप’ यात इंग्रजी लिंग सांगत नाही. रशियन भूतकाळात ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुल्लिंगी “पोद्न्याल”, स्त्रीलिंगी “पोद्न्याला”, नपुंसकलिंगी “पोद्न्यालो”, आणि अनेकवचनात सगळ्यांना मिळून “पोद्न्याली”. यामागे इतिहास आहे. रशियनचा आजचा भूतकाळ मुळात एक कृदंत होतं, म्हणजे विशेषणासारखं चालणारं रूप. सोबतचं सहायक क्रियापद काळाच्या ओघात गळून पडलं आणि लिंगाचा प्रत्यय मागे राहिला. म्हणूनच वर्तमानकाळात रशियन क्रियापद लिंग दाखवत नाही आणि भूतकाळात दाखवतं. (मराठी कानाला एक फसवणूक होते. “वोश्ला”, “स्काझाला” ऐकून आपल्याला ‘आला’, ‘गेला’ आठवतात, पण रशियनमध्ये ‘ला’ बाईचा. सुरुवातीला फार गोंधळ होतो.)

यंत्राने दुसऱ्या वाक्यात पुल्लिंग घेतलं, कारण तिथे दुसरा काही पुरावा नव्हता आणि ज्या मजकुरावर ते शिकलं त्यात ‘व्राच’ बहुधा पुल्लिंगी क्रियापदाबरोबर येतो. पुरावा आला तो थेट पाचव्या वाक्यात: ‘हर ग्लासेस’. डॉक्टर बाई आहेत.

भाषांतराची बरीच सॉफ्टवेअरं मजकुराचे वाक्यागणिक तुकडे करून यंत्राला देतात. मालिकेचा मधलाच एक भाग पाहिलेल्या माणसाला कोण कोणाचं कोण हे विचारावं, तशी मग यंत्राची गत होते. ते बिनचूक बोलेल, पण मागचं-पुढचं त्याला माहीत नसतं.

आता पाचव्या वाक्याकडे बघा, कारण सगळ्यात वाईट प्रकार तिथे झाला आहे. यंत्राने डॉक्टरला पुरुष ठरवलं: “या बील उवेरेन” (मला खात्री होती, पुरुष बोलतोय), “स्काझाल” (तो म्हणाला), “स्न्याल” (त्याने काढला). मग ‘हर’चं काय करायचं? त्याचं सरळ “येयो” झालं, म्हणजे ‘तिचा’. रशियन वाचकाला दिसतं ते असं: पुरुष डॉक्टरने समोरच्या बाईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. लिंगाचा मेळ चोख, वाक्य सरळ, आणि प्रसंग साफ खोटा. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर इथे काहीच अधोरेखित करणार नाही, कारण वाक्याच्या आत विसंगती नाहीच.

डॉक्टर बाई हे लक्षात घेऊन वाक्य बदललं तरी “येयो” ठेवता येत नाही. “स्न्याला येयो ओच्की” म्हणजे डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच बाईचा चष्मा काढला. आपण ‘तिने तिचा चष्मा काढला’ आणि ‘तिने आपला चष्मा काढला’ यांत जो फरक करतो, तोच इथे आहे; ‘आपला’साठी रशियनमध्ये “स्वोय” हा शब्द आहे. पण अंगावरच्या वस्तूंच्या बाबतीत रशियन माणूस तोही बहुतेकदा लिहीत नाही. “स्न्याला ओच्की”, चष्मा काढला, एवढं पुरे. स्वतःचाच काढला असणार.

‘ती’ म्हणजे कोण?

चौथं वाक्य मला या उताऱ्यात सगळ्यात जास्त आवडतं, कारण तिथे यंत्राने व्याकरण बरोबर केलं आहे. ‘इट वॉज ओल्ड’ मधला ‘इट’ म्हणजे वही. ‘तेत्राद’ रशियनमध्ये स्त्रीलिंगी. शब्दाच्या शेवटी मृदू चिन्ह, म्हणजे आधीचं व्यंजन मऊ उच्चारायला सांगणारं रशियन अक्षर आहे, आणि अशा शब्दांचं लिंग रूपावरून कळत नाही, पाठच करावं लागतं. यंत्राने ते ओळखून “ओना बिला स्तारोय” लिहिलं: ‘ती जुनी होती’.

पण मागच्या वाक्यात आणखी एक ‘ती’ आहे, बाई. आणि “स्तारोय” हे विशेषण वस्तूला लावलं तर ‘जुनी’, माणसाला लावलं तर ‘म्हातारी’. वाचक सहज समजेल की बाई म्हातारी होती. इंग्रजीत ही अडचण नव्हती, कारण बाईला ‘शी’ आणि वहीला ‘इट’. मराठीत बाईला म्हातारी आणि वहीला जुनी म्हणतात म्हणून आपली सुटका होते, पण विशेषण बदलून ‘बाईने टेबलावर वही ठेवली. ती फार देखणी होती’ केलं की आपलीही तीच पंचाईत होते.

इलाज साधा आहे. सर्वनाम काढून नाम पुन्हा लिहायचं: “तेत्राद बिला स्ताराया”. किंवा दोन वाक्यं जोडून ‘टेबलावर एक जुनी वही ठेवली’ असं करायचं. इंग्रजी शिकताना तोच शब्द लागोपाठ वापरू नये असं बजावलेलं असतं, त्यामुळे नवे तपासणारे पहिला उपाय टाळतात. माझ्या मते अशा जागी शब्द पुन्हा येणं हा दोष नाहीच.

यंत्रं आता पुढे गेली आहेत, हे सगळं जुनं झालं नाही का?

काही प्रमाणात झालं आहे. अनेक वाक्यं एकत्र बघणारी यंत्रं ‘हर ग्लासेस’ वाचून मागचं लिंग सुधारू शकतात. पण प्रश्न नुसत्या नजरेच्या पल्ल्याचा नाही. 2019 मध्ये गॅब्रिएल स्टॅनोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीतून 8 भाषांत होणारी यांत्रिक भाषांतरं तपासली. त्या आठांत रशियनही होती. वापरलेल्या वाक्यांत लिंगाचा पुरावा त्याच वाक्यात दिलेला होता. तरीही यंत्रं व्यवसायाबद्दलच्या रूढ समजुतीकडे झुकली: डॉक्टर म्हटलं की पुरुष, नर्स म्हटलं की बाई. त्याच वर्षी एलेना वोयता, रिको सेनरिच आणि इव्हान तितोव यांनी नेमक्या इंग्रजी-रशियन जोडीवर काम करून दाखवलं की एकटं वाचताना चांगली वाटणारी वाक्यं शेजारच्या वाक्याबरोबर वाचली की चुकीची ठरतात. बोलणाऱ्याचं लिंग वाक्यागणिक बदलणं हा त्यातला एक प्रकार. दुसरा होता ‘ती’ आणि ‘वी’ यांची सरमिसळ, म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’.

आपल्या उताऱ्यात तेही आहे. यंत्राने इंग्रजी ‘यू’साठी “ती प्रिद्योश”, म्हणजे ‘तू येशील’ लिहिलं. दोघींची ओळख किती हे उताऱ्यात कुठेच नाही, आणि जवळची ओळख नसेल तर खोलीत आलेल्या बाईशी डॉक्टर ‘तू’ने बोलणार नाही. “वी प्रिद्योत्ये” सुरक्षित.

तपासताना हात कसा चालतो

मी आधी मूळ इंग्रजी संपूर्ण वाचतो, रशियनकडे न बघता, आणि एका कागदावर माणसांची यादी करतो: कोण, लिंग काय, हे कोणत्या वाक्यावरून कळलं, कोण कोणाला ‘तू’ म्हणतं. पाच वाक्यांसाठी हे हास्यास्पद वाटेल. चाळीस पानांच्या मजकुरात याच कागदाने काम वाचतं. मग रशियन वाचताना भूतकाळाचं प्रत्येक क्रियापद आणि ‘खात्री’, ‘तयार’, ‘आनंदी’ अशी विशेषणं त्या यादीशी ताडून बघायची.

त्यानंतर दुसरी फेरी, फक्त ‘अ’ आणि ‘द’साठी. लिंग आणि क्रम एकाच फेरीत तपासायला गेलं की क्रम सुटतो, कारण लिंगाची चूक डोळ्यात खुपते आणि क्रमाची खुपत नाही.

या दोन फेऱ्यांनंतर आपला उतारा असा होतो: “व कोम्नातु वोश्ला झेन्शिना. व्राच पोद्न्याला ग्लाझा. झेन्शिना पोलोझिला ना स्तोल तेत्राद. तेत्राद बिला स्ताराया. ‘या बिला उवेरेना, श्तो वी प्रिद्योत्ये,’ स्काझाला व्राच इ स्न्याला ओच्की.”

“व्राच पोद्न्याला” बघून कोणी म्हणेल, नाम पुल्लिंगी आणि क्रियापद स्त्रीलिंगी, हे कसं? ‘व्राच’ हे नाम पुल्लिंगीच आहे, पण बाई डॉक्टर असेल तर आजच्या रशियनमध्ये भूतकाळाचं क्रियापद स्त्रीलिंगी चालतं. तिथेच थांबावं मात्र. नामाला लागून असलेलं विशेषण काटेकोर लेखनात पुल्लिंगीच ठेवतात: “नोवी व्राच प्रिश्ला”, नवा डॉक्टर आली. उत्साहाच्या भरात “नोवाया व्राच” करणारा तपासनीस बोलीतलं रूप औपचारिक मजकुरात घुसवतो.

आणि पुरावा कुठेच नसेल तर?

समजा शेवटचं ‘हर’ मूळात नसतंच. मग डॉक्टर कोण, हे कळायला मार्ग नाही. पहिला पर्याय वाक्याची रचना बदलण्याचा. ‘मला खात्री होती’ऐवजी ‘मला स्पष्ट दिसत होतं’ धर्तीचं वाक्य केलं, “म्न्ये बिलो यास्नो”, तर कर्ताच चतुर्थीत जातो, क्रियापद नपुंसकलिंगी होतं आणि बोलणाऱ्याचं लिंग उघड करावं लागत नाही. अर्थ थोडा हलतो, ‘खात्री’चं ‘स्पष्ट’ होतं, हे ग्राहकाला सांगायला हवं. ॲप किंवा वेबसाइटवरच्या सूचनांमध्ये वापरणाऱ्याला ‘वी’ म्हटलं की क्रियापद अनेकवचनी होतं आणि प्रश्न आपोआप मिटतो. तिसऱ्या माणसाबद्दलच्या सूचनेत तो मिटत नाही, म्हणून कंसात ‘(आ)’ लिहिलेली क्रियापदं रशियन पडद्यांवर दिसतात. दिसायला ओबडधोबड, पण खोटं तरी बोलत नाहीत.

गोष्टीत कंस चालत नाही आणि दर वाक्याची रचनाही बदलता येत नाही. ‘व्राच’ला पुल्लिंगी क्रियापद देणं तिथे प्रचलित आहे, तेव्हा तपासणारा तसं ठेवतो आणि समासात लेखकासाठी एक ओळ लिहितो: “दुसऱ्या वाक्यातला डॉक्टर पुरुष की स्त्री? स्त्री असल्यास 2 आणि 5 या वाक्यांतली मिळून पाच रूपं बदलतील.”